जुनी चाल, नवे गीत

ख्रिस्ती उपासनेत जुनी गीते गावीत की नवी, हा वाद बहुतेक मंडळ्यांमध्ये पिढ्यांच्या भांडणाच्या रूपाने येतो. वडीलधाऱ्यांना लहानपणापासून ऐकलेले गीत हवे असते आणि तरुणांना आपल्या काळाचे. पाळक दोघांच्या मध्ये उभा असतो. मग एखाद्या रविवारी याच विषयावर प्रवचन होते आणि पवित्र शास्त्रातले वचन घेऊन निवाडा करण्याचा प्रयत्न होतो. अशा प्रवचनांना मोठा इतिहास आहे. त्यातला सर्वात तपशीलवार नोंदलेला भाग आहे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रांतातला. 1720 ते 1780 या साठ वर्षांत तिथे हा वाद तीनदा झाला. पहिल्यांदा कसे गायचे यावरून, दुसऱ्यांदा काय गायचे यावरून आणि तिसऱ्यांदा कोणी गायचे यावरून. आजच्या भांडणात हे तिन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते वेगळे करून पाहायचे तर त्या जुन्या प्रकरणाकडेच जावे लागते.

न्यू इंग्लंडचे प्युरिटन लोक उपासनेत फक्त स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे गात. माणसाने रचलेले काव्य देवापुढे गाणे त्यांना मान्य नव्हते. वाद्यही नव्हते. त्यासाठी त्यांनी स्तोत्रांचा इंग्रजी पद्यात अनुवाद करून 1640 साली केंब्रिज गावी छापला. ‘बे साम बुक’ या नावाने ओळखले जाणारे हे पुस्तक इंग्रजी वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक मानले जाते. त्यात चाली मात्र छापलेल्या नव्हत्या. त्या लोकांना तोंडपाठ असत किंवा असाव्यात अशी अपेक्षा होती. पुस्तक प्रत्येकाकडे नसे आणि वाचता सगळ्यांना येत नसे, म्हणून एक प्रथा रुळली. डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, उभा राहून एक ओळ मोठ्याने म्हणे आणि मंडळी ती ओळ गाई. मग पुढची ओळ. आपल्याकडे भजनात एकाने सांगावे आणि इतरांनी मागून म्हणावे, तसेच हे काहीसे होते. फरक इतकाच की इथे प्रत्येक ओळीनंतर गाणे थांबे.

वाद्याचा आधार नाही, छापील चाल समोर नाही, आणि दर ओळीला खंड. अशा गाण्याचे दोन-तीन पिढ्यांत जे व्हायचे ते झाले. गती मंदावत गेली. एक स्वर इतका लांबू लागला की त्यात गाणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागे. लांबलेल्या स्वरात जो तो आपापली मुरकी, आपापला हेलकावा घालू लागला. सगळे एकच चाल गात, पण कोणी पुढे, कोणी मागे, कोणी वळणे घेत. रॉक्सबरीचे तरुण पाळक थॉमस वॉल्टर यांनी 1721 साली तक्रार केली की ऐकताना एकाच वेळी पाचशे वेगवेगळ्या चाली ओरडल्यासारख्या वाटतात. चाली प्रत्येक अडाणी गळ्याच्या दयेवर सोडल्या गेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे विसाव्या शतकात संगीताचे अभ्यासक निकोलस टेंपर्ले यांनी दाखवून दिले की यात कोणाचा आळस किंवा बिघाड नव्हता. वाद्याशिवाय आणि खंबीर नायकाशिवाय समूह दीर्घकाळ गात राहिला की गाणे याच दिशेने जाते. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर गेलिक भाषेतली स्तोत्रे आणि केंटकीच्या डोंगराळ भागातल्या काही बॅप्टिस्ट मंडळ्यांची गीते आजही साधारण अशाच रीतीने गायली जातात. ज्यांनी ती ऐकली आहेत त्यांना वॉल्टर यांचे कान जरा कोते वाटण्याची शक्यता आहे.

चालींचीही संख्या घटत गेली. 1698 साली ‘बे साम बुक’च्या नवव्या आवृत्तीत प्रथमच तेरा चाली छापल्या गेल्या, पण प्रत्यक्षात पुष्कळ मंडळ्यांचे काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चालींवर भागे. ते भागू शके याचे कारण छंदात होते. बहुसंख्य स्तोत्रे एकाच छंदात बसवलेली होती: आठ अक्षरांची ओळ, मग सहाची, पुन्हा आठ, पुन्हा सहा. त्यामुळे अभंग जसा कोणत्याही अभंगाच्या चालीत म्हणता येतो, तसे कोणतेही स्तोत्र कोणत्याही चालीत बसे. याच सोयीतून घोटाळाही होई. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये चाल सुरू करून देण्याचे काम न्यायमूर्ती सॅम्युएल सूअल यांच्याकडे होते. सेलमच्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश असलेले आणि 1697 साली मंडळीसमोर त्याबद्दल जाहीर क्षमा मागणारे हेच ते सूअल. त्यांच्या रोजनिशीत 1718 च्या फेब्रुवारीतली एक नोंद आहे. त्यांनी ‘यॉर्क’ नावाची चाल धरली आणि दुसऱ्याच फेरीत मंडळी ‘सेंट डेव्हिड्स’ या चालीत निघून गेली. तीन आठवड्यांपूर्वीही असेच झाले होते. दोन्ही चालींचा छंद एकच, त्यामुळे शब्द अडत नव्हते आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नव्हती. चोवीस वर्षे हे काम केल्यावर आता ते सोडण्याची ही खूण आहे, असे सूअल यांनी मानले आणि बाजूला झाले. या सगळ्या इतिहासात स्वतःहून, न भांडता बाजूला झालेली अशी माणसे फार थोडी भेटतात.

यानंतर लगेच सुधारणेची मोहीम सुरू झाली. तिचे नाव ‘नियमाने गाणे’, म्हणजे छापील स्वरलिपी पाहून, लयीत आणि एका सुरात गाणे. ब्रॅडफर्डचे पाळक थॉमस सिम्स यांनी 1720 साली नियमाने गाणे कसे योग्य आहे हे सांगणारी पुस्तिका काढली. 1721 साली जॉन टफ्ट्स यांचे आणि वॉल्टर यांचे अशी स्वरलिपी शिकवणारी दोन पुस्तके आली. त्याच वर्षी बॉस्टनचे वजनदार पाळक कॉटन मेदर यांनीही सुधारणेच्या बाजूने लिहिले. वॉल्टर हे त्यांचेच भाचे. 1722 साली नियमाने गाण्याच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या सभेत वॉल्टर यांनी प्रवचन केले. दावीद राजाला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात इस्राएलाचा मधुर स्तोत्रकार म्हटले आहे, त्या वचनावर ते प्रवचन आधारलेले होते. वचनाची निवड मार्मिक होती. मधुरता हा देवाच्या माणसाचा गुण म्हणून शास्त्रातच नोंदलेला असेल, तर बेसूर गाण्याला भक्तीचे नाव देऊन झाकता येत नाही.

शिकवण्याची पद्धत सोपी होती. आपल्याकडे सात स्वरांना सात नावे आहेत. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीत फा, सोल, ला, मी अशी चारच नावे होती आणि तीच फिरून येत. टफ्ट्स यांनी तर वाटोळ्या स्वरचिन्हांऐवजी या नावांची पहिली अक्षरेच रेघांवर छापली. अक्षरापुढे एक टिंब असेल तर स्वर लांब, दोन टिंबे असतील तर आणखी लांब. शेतावरून किंवा दुकानातून परतलेली मुलेमुली संध्याकाळी एकत्र जमत आणि काही आठवडे हा सराव करत. त्यांना गायनशाळा म्हणत. शिकवणारा फी घेई.

विरोध कशाला होता हे सिम्स यांच्याच लिखाणातून कळते. त्यांनी विरोधकांचे आक्षेप एकेक करून मांडले आणि त्यांना उत्तरे दिली. 1723 साली त्यांनी हाच विषय गमतीच्या संवादरूपात पुन्हा मांडला. आक्षेप वाचण्यासारखे आहेत. ही पद्धत नवी आहे. जुनीइतकी ती गोड नाही. चाली इतक्या आहेत की शिकून संपायच्या नाहीत. यामुळे मंडळीत फूट पडते आणि भल्या माणसांना दुःख होते. ही रोमन रीत आहे आणि मागाहून वाद्येही येतील. स्वरांची नावे अभद्र आहेत. हे न शिकताही आपले बापजादे स्वर्गात गेलेच. हा पैसे काढण्याचा धंदा आहे. तरुण मुले यापायी रात्री उशिरापर्यंत घराबाहेर राहतात. आणि शेवटी, याच्या बाजूचे लोक म्हणजे काल आलेली पोरे, त्यांतली काही तर वागणुकीनेही सैल.

या यादीतला एकही आक्षेप गाण्यातल्या स्वरांबद्दल सुरू होऊन स्वरांबद्दलच संपत नाही. वाद्यांचा अंदाज तेवढा अचूक होता, कारण ती पुढे खरोखर आली. बाकीचे आक्षेप कशाबद्दल आहेत? वेळ, पैसा, रात्रीचे बाहेर राहणे, मुलामुलींचे एकत्र जमणे आणि सर्वांत जास्त, कालपर्यंत मागे बसणाऱ्या मुलांनी आज मोठ्यांना चूक ठरवणे. ज्या आजोबांनी चाळीस वर्षे लांब हेलकाव्यात स्तोत्र गायले, त्यांना त्यांची नात सांगत होती की ते गाणेच नव्हते. सिम्स यांचे उत्तर तर्काला धरून होते. ‘नवी’ म्हणतात ती पद्धतच खरी जुनी आहे, असे ते सांगत. चाली पूर्वजांनी स्वरलिपीतूनच आणल्या, हार्वर्ड महाविद्यालयात सुरुवातीपासून स्वर शिकवले जात, आणि कानावर चालणारे गाणे ही मधल्या काळातली सवय आहे. इतिहास म्हणून हे बरेचसे खरे होते. पण ज्याच्या आयुष्यात ती सवय साठ वर्षांची आहे त्याला पूर्वजांचे शंभर वर्षांपूर्वीचे कागद जुने वाटत नाहीत. माणूस ‘जुने’ म्हणतो ते बहुधा स्वतःच्या लहानपणचे असते. हा मुद्दा त्या काळच्या प्रवचनांतून निसटलेला दिसतो.

भांडण किती थराला जाई याचे उदाहरण बॉस्टनजवळच्या ब्रेनट्री गावातल्या दक्षिण मंडळीचे आहे. तिथले पाळक सॅम्युएल नाइल्स नव्या पद्धतीच्या विरोधात होते. नियमाने गाण्याचा हट्ट धरणाऱ्या सात-आठ सभासदांना त्यांनी मंडळीतून निलंबित केले. याचा अर्थ त्यांना प्रभुभोजनही बंद. 1723 च्या डिसेंबरात आसपासच्या मंडळ्यांची परिषद बसली. तिने निलंबन अन्यायाचे ठरवून त्या लोकांना परत घेतले आणि दोन्ही बाजूंचे समाधान व्हावे म्हणून हुकूम दिला की मंडळीने आळीपाळीने गावे, एकदा कानाने आणि एकदा नियमाने.

वरवर पाहता तोडगा न्याय्य वाटतो. आजही पुष्कळ ठिकाणी हाच काढला जातो, एक जुने गीत आणि एक नवे. त्यातली खोच अशी की गाण्याच्या पद्धती एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या होत्या. एकाच खोलीत अर्धे लोक एका स्वरावर श्वास घेत थांबलेले आणि अर्धे पुढच्या ओळीवर पोचलेले असतील, तर आळीपाळीने गाणे म्हणजे आळीपाळीने हरणे. वाटणी समसमान झाली की प्रत्येक रविवारी निम्मी मंडळी गप्प बसून आपली पाळी यायची वाट बघते. त्यामुळे अशा तोडग्याची परीक्षा निकालपत्रात होत नाही. समोरच्या पक्षाची पाळी असताना किती जण तोंड उघडतात, हे पाहावे लागते.

दुसरा वाद शब्दांचा. त्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. आयझॅक वॉट्स यांचा जन्म 1674 साली साउथॅम्प्टनला झाला. तरुणपणी त्यांनी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या खडबडीत पद्याबद्दल तक्रार केली, तेव्हा वडील म्हणाले की मग तूच चांगले लिहून दाखव, अशी कथा सांगतात. 1707 साली त्यांचा गीतसंग्रह आला आणि 1719 साली स्तोत्रसंहितेचे त्यांनी केलेले स्वैर रूपांतर. वॉट्स यांचा युक्तिवाद साधा होता. दाविदाची स्तोत्रे ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधीची आहेत. त्यांत येशूचे नाव नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. ख्रिस्ती माणसाने आयुष्यभर फक्त तीच गायची, तर ज्यावर त्याचा विश्वास आहे ते त्याच्या ओठांवर कधीच येणार नाही. विरोधकांना यात धडधडीत उद्धटपणा दिसला. देवाने दिलेल्या शब्दांपेक्षा एका धर्मोपदेशकाचे शब्द बरे, असे कोणी म्हणू शकते का?

हा वाद न्यू इंग्लंडमध्ये कसा पोचला याची उत्तम हकिगत जोनाथन एडवर्ड्स यांच्या 1744 सालच्या पत्रात आहे. एडवर्ड्स हे नॉर्थॅम्प्टनचे पाळक, त्या काळातले अमेरिकेतले सर्वात खोल विचार करणारे धर्मशास्त्री. त्यांची मंडळी गाण्यासाठी नावाजलेली होती. नियमाने गाणे तिथे केव्हाच स्थिरावले होते आणि पुरुष तीन स्वरपंक्ती व स्त्रिया एक स्वतंत्र पंक्ती गात, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. 1742 च्या सुरुवातीला धार्मिक जागृतीची लाट उसळलेली असताना ते प्रवचनांसाठी बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो मंडळी वॉट्स यांची गीते गात होती आणि तीच गात होती. दाविदाची स्तोत्रे पूर्ण बाजूला पडली होती.

एडवर्ड्स यांना काय खटकले आणि काय नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. गीते आली याचे त्यांना दुःख नव्हते. त्याच सुमारास लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की प्रार्थना करताना आपण शास्त्रातल्याच शब्दांत अडकून राहत नाही, तर गातानाच तसे बंधन का असावे? नव्या गीतांची बाजू घेणारा याहून नेमका युक्तिवाद सापडणे कठीण. त्यांना खटकले ते स्तोत्रे गेली हे. मग त्यांनी मंडळीपुढे एक व्यवस्था ठेवली. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने रविवारी तीनदा गायन होई. त्यातले शेवटचे, दुपारच्या उपासनेच्या अखेरचे गायन वॉट्स यांच्या गीताचे किंवा त्याच्या काही कडव्यांचे. बाकी सर्व स्तोत्रे. हिवाळ्यात दोनदाच गाणे होई, तेव्हा फक्त स्तोत्रे. पत्र लिहिले तेव्हा ही व्यवस्था दोन वर्षांहून अधिक काळ चालू होती.

ब्रेनट्रीच्या आळीपाळीपेक्षा ही व्यवस्था निराळी आहे. तिथे प्रत्येक वस्तूचा निम्मा वाटा होता. इथे मुख्य जागा कोणाची हे ठरवून दिले आणि नव्याला एक नक्की, सन्मानाची जागा दिली, तीही उपासनेच्या शेवटी, जिथून गाणे ओठांवर घेऊन माणूस घरी जातो. एडवर्ड्स यांनी लोकांच्या आवडीला नाव ठेवले नाही आणि ती सुरू करण्याचे श्रेयही स्वतःकडे घेतले नाही. लोकांचा ओढा दिसला म्हणून ती चालू ठेवली, असे ते सरळ लिहितात. स्तोत्रे का टिकवायची याचे कारण मात्र रुचीशी जोडता येत नाही. जागृतीच्या भरात माणसे आनंदाची, विजयाची गीते उचलतात. शोक, तक्रार, देवावरचा राग, ओसाड पडलेले शहर, हे सगळे स्तोत्रसंहितेत आहे, कारण ती एका पिढीच्या आवडीतून निवडलेली नाही. एडवर्ड्स यांनी हे या शब्दांत मांडलेले नाही, पण त्यांच्या व्यवस्थेचा परिणाम तोच होता.

तिसरा वाद वूस्टर गावातला आणि तो सर्वात छोटा, सर्वात करुण. गायनशाळांतून तयार झालेले तरुण आता वेगळे बसू लागले होते. चांगले गाणाऱ्यांना एकत्र बसू द्या म्हणजे गाणे सुधारेल, असे आधी वाटले. मग ते गायकवृंद झाले. 1779 च्या ऑगस्टमध्ये वूस्टरच्या सभेने ठराव केला की गायकांनी समोरच्या सज्जात बसून गायन चालवावे आणि यापुढे ओळ वाचून दाखवण्याची प्रथा बंद. त्यानंतरच्या रविवारी वृद्ध डीकन चेंबरलेन नेहमीप्रमाणे उठले आणि त्यांनी पहिली ओळ वाचली. गायक थांबले नाहीत. डीकननी आवाज चढवला. सज्जातून गाणे चालूच राहिले. अखेर त्यांच्या आवाजात त्यांचा आवाज बुडाला. त्यांनी पुस्तक मिटले, टोपी उचलली आणि रडत बाहेर पडले. मंडळीने नंतर त्यांनाच दोष दिला.

ठराव नियमानुसार झाला होता आणि कदाचित योग्यही होता. ओळ सांगण्याची गरज संपली होती, पुस्तके होती, वाचता येत होते. पण ज्या माणसाचे मंडळीतले काम, उभे राहण्याची जागा आणि ओळख त्या एका प्रथेत होती, त्याच्यासाठी ठरावात काहीच नव्हते. त्याला दुसरे काम देण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. आज याच जागी चाळीस वर्षे पायपेटी वाजवणारी एखादी बाई किंवा जुन्या गायनमंडळाचा प्रमुख असतो. भांडण गीतांवरून आहे असे सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात दुखते ते आपल्या जागी दुसरा कोणी उभा राहिल्याचे.

ही परंपरा मराठी मुलखात थेट आली. बॉस्टनच्या अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईला पोचले. 1831 साली मिशनने अहमदनगरला ठाणे उभारले. मिशनरी आले ते न्यू इंग्लंडच्या त्याच उपासनेत वाढलेले. वॉट्स आता त्यांच्यासाठी जुने, पूज्य झाले होते. इंग्रजी गीतांचे मराठी अनुवाद इंग्रजी चालीत बसवले जाऊ लागले आणि तिथे पाय अडखळला. इंग्रजी छंद आघातावर चालतो. मराठीत शब्दाचा आघात तसा ठळक नसतो आणि अक्षर लघू की गुरू याला महत्त्व असते. त्यामुळे चालीच्या जोराच्या जागी ‘आणि’ किंवा ‘चा’ येई, ऱ्हस्व अक्षर लांबे आणि अर्थाचा शब्द घाईत निघून जाई. व्याकरण शुद्ध, पण गाणे परके.

अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट धरली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी पुढे अभंग, ओवी, पद आणि भजन या घरच्या साच्यांत गीते रचली. ती मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात मोठ्या संख्येने आहेत. टाळ-मृदंगाच्या चालीत येशूचे नाव घेणे त्या काळी सगळ्यांना रुचण्यासारखे नव्हते. ज्यांनी जुना धर्म सोडताना बरेच काही गमावले होते, त्यांना परदेशी चालीत एक सुरक्षित अंतर मिळत होते. ते अंतरच टिळकांची रचना मिटवत होती. म्हणजे इथेही वाद नव्या-जुन्याचा नव्हताच. शब्दांपेक्षा जुनी चाल आणि चालीपेक्षा जुनी आठवण यांचा तो होता.

टिळक 1919 साली गेले. शंभर वर्षांनंतर मराठी मंडळ्यांतले आजी-आजोबा ज्याला ‘आपले जुने गीत’ म्हणतात ते बहुधा त्यांचेच असते. तरुणांच्या हाती कीबोर्ड, ड्रम आणि गिटार आहे. गीते मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीही आहेत आणि पुष्कळशी रेकॉर्डिंग ऐकून उचललेली. यातून एक व्यावहारिक अडचण येते आणि तिला बहुतेक वेळा चुकून धर्मशास्त्राचे नाव मिळते. रेकॉर्डिंग एका कसलेल्या गळ्यासाठी असते. कडवे खाली, धृवपद एकदम वर आणि शब्द तालाच्या मधल्या जागी टाकलेले. तीच पट्टी समूहाला दिली की कडव्यात बायकांचा आवाज खाली बुडतो, धृवपदात पुरुष गप्प होतात आणि मधला ताल कोणालाच सापडत नाही. पाळकाने गाणे चालू असताना वाद्ये दोन ओळी थांबवून पाहिली तर हे लगेच कळते. खाली फक्त व्यासपीठावरचे तीन आवाज उरले, तर गीत वाईट असेलच असे नाही. त्याची पट्टी समूहाची नाही. दोन पट्ट्या खाली घेतल्यावर तेच गीत वृद्धांच्याही तोंडी येऊ शकते. जुन्या गीतांच्या बाबतीत हीच तक्रार उलट बाजूने येते. पायपेटीवर ती इतकी संथ चालवली जातात की तरुणाला एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागतो. थॉमस वॉल्टर यांची तक्रारही हीच होती.

पुस्तकाची जागा आता पडद्याने घेतली आहे. गीताची दोन ओळी एका वेळी पडद्यावर दिसतात आणि त्या संपल्या की पुढच्या दोन. पडद्यामागे संगणकावर बसलेला मुलगा बोट दाबायला उशीर करतो, तेव्हा सारी मंडळी ओळीच्या शेवटी अडून थांबते, आणि वूस्टरने ठराव करून बंद केलेली प्रथा तेवढ्यापुरती परत सुरू होते.